खाडा पडला तर? स्ट्रीक आणि बॅज असलेलं सवयींचं ॲप बनवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सवयींची नोंद ठेवणारं ॲप बनवायला घेतलं की सगळं लक्ष पहिल्या दिवसाकडे असतं: सवय कशी निवडायची, रंग कोणता, आयकॉन कोणता. ॲप टिकतं की डिलीट होतं हे मात्र खाड्याच्या दुसऱ्या दिवशी ठरतं. म्हणून इथले बहुतेक प्रश्न त्या एका दिवसाभोवतीचे आहेत.

स्ट्रीक लोकांना आवडते. मग तिच्यामुळे अपराधी का वाटतं?

स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस केलं याचा आकडा, वाढताना एकेकाने वाढते आणि मोडताना सगळीच्या सगळी जाते. ४२ दिवस रोज रात्री दहा पानं वाचणाऱ्याला ४३व्या दिवशी ताप आला, तर पडद्यावर ४१ येत नाही, शून्य येतं. एका चुकलेल्या दिवसाची किंमत ४२ दिवस. हा हिशेबच अन्यायाचा आहे. त्याच्या शेजारी कितीही गोड वाक्य लिहा, आकडा आपलं काम करतोच.

पुढे काय होतं हे मानसशास्त्रज्ञांनी आहार आणि व्यसनमुक्तीच्या अभ्यासात बघितलं आहे. नियम एकदा मोडला की माणूस ‘आता मोडलाच आहे, तर जाऊ दे’ असं म्हणून उरलेलंही सोडून देतो. ॲलन मार्लाट यांनी व्यसनाकडे पुन्हा वळण्याच्या संदर्भात हेच मांडलं: घसरणीपेक्षा ‘मी असाच आहे’ हा तिचा लावलेला अर्थ जास्त नुकसान करतो. तुमचं शून्य नेमका तोच अर्थ लावायला मदत करतं.

आणि हे शून्य खरंही नसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला लावून १२ आठवडे पाहिलं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा होता आणि मधला आकडा ६६. (२५४ हा अर्थात आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, प्रयोगच ८४ दिवसांचा होता.) तेव्हा ‘२१ दिवसांत सवय’ असा बॅज ठेवण्याचा मोह होईल, तो आवरा.

मग स्ट्रीक काढूनच टाकावी का?

काहींनी काढली. गिटहबने २०१६ मध्ये प्रोफाइलवरचे सलग दिवसांचे आकडे काढून टाकले. पण ते काम करण्याचं ठिकाण होतं, सवय लावण्याचं नव्हे.

माझं मत: स्ट्रीक ठेवा, पण तिला पडद्यावरचा सर्वांत मोठा आकडा करू नका. पहिले दोन-तीन आठवडे ती खरोखर उपयोगी पडते. सवय अजून लागलेली नसते, तेव्हा ‘आज सहावा दिवस’ एवढंच पुरतं. पुढे सवय सांभाळायची सोडून माणूस आकडा सांभाळू लागतो. रात्री पावणेबाराला उठून एक पान उलटायचं आणि खूण करायची, असं सुरू झालं की समजावं, पुस्तक बाजूला पडलं आणि ॲपच वाचलं जातंय.

शून्याऐवजी काय दाखवायचं?

दोन गोष्टी. एक, आजवर एकूण किती दिवस केलं. हा आकडा कधीच कमी होत नाही. दुसरी, सवयीची ‘पकड’: शून्य ते शंभर टक्क्यांमधला असा आकडा, जो केल्यावर थोडा चढतो, चुकल्यावर थोडा उतरतो आणि एका दिवसात कोसळत नाही. यासाठी घातांकी सरासरी वापरतात. नाव जड असलं तरी काम चार ओळींचं आहे:

```python
def strength(days, half_life=14):
    m = 0.5 ** (1 / half_life)
    s = 0.0
    for d in days:
        if d == "pause":
            continue
        s = s * m + (1 - m) * (d == "done")
    return s
```

`half_life` म्हणजे काहीच केलं नाही तर पकड निम्म्यावर यायला लागणारे दिवस. तो १४ धरला तर रोज नेमाने करणाऱ्याची पकड १४व्या दिवशी ५० टक्के, २८व्या दिवशी ७५ आणि ४२व्या दिवशी ८७.५ होते.

आता आपला तापाने फणफणलेला वाचक घ्या. ४३वा दिवस चुकला, पकड ८७.५ वरून ८३.३ वर आली. त्याने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वाचायला घेतलं तर सहा दिवसांत तो होता तिथे परत येतो. चार टक्क्यांची घसरण बघून कुणी ॲप डिलीट करत नाही. पूर्ण आठवडा चुकला तर पकड ६२च्या आसपास येते आणि भरून निघायला २३ दिवस लागतात. म्हणजे मोठा खंड पडला तर आकडा तेही लपवत नाही. खोटा दिलासा लोकांना लगेच ओळखू येतो, म्हणून हे महत्त्वाचं.

१४ हा आकडा काही वेदवाक्य नाही. ७ ठेवला तर आलेख चंचल होतो आणि जवळजवळ स्ट्रीकसारखाच टोचतो. ३० ठेवला तर नव्या माणसाला पहिला आठवडाभर काही हलतच नाही असं वाटतं. आणखी एक: दशांश चिन्ह पडद्यावर आणू नका. ८३.३ पाहिलं की लोक ०.१ साठी भांडतात.

आठवड्यातून तीनदा करायच्या सवयीचं काय?

तिथे दिवस हे एककच चुकीचं. सोमवारी व्यायाम केला, मंगळवारी केला नाही, म्हणून मंगळवारी लाल फुली दाखवणारी ॲप्स अजूनही निघतात. एकक आठवडा धरा आणि त्या आठवड्याचा गुण म्हणजे केलेले दिवस भागिले ठरवलेले दिवस, जास्तीत जास्त १. तीनपैकी दोनदा केलं तर ०.६७, शून्य नाही. फंक्शनमध्ये `(d == "done")` च्या जागी हाच गुण घाला. अर्धायुष्य १४ दिवस ठेवायचं असेल तर आठवड्याच्या हिशेबात `half_life=2` येतं. चालू आठवडा संपेपर्यंत त्याचा निकाल लावू नका, नाहीतर सोमवारी सकाळी सगळेच नापास दिसतात.

डेटाबेसमध्ये स्ट्रीक कशी साठवायची?

साठवायचीच नाही. सर्वांत जास्त मनस्ताप देणारी चूक हीच. `streak_count` नावाचा रकाना करायचा, खूण केली की एकाने वाढवायचा, मध्यरात्री सर्व्हरवरून तपासून शून्य करायचा. आमच्या पहिल्या आवृत्तीत हेच होतं. एका रात्री ते मध्यरात्रीचं काम दोनदा चाललं आणि सकाळी काही लोकांच्या स्ट्रीक उगीचच गेलेल्या. परत कशा आणणार? मूळ नोंदीच ठेवलेल्या नव्हत्या. ज्याने काहीच चुकवलं नाही त्याला आम्ही ‘तू चुकलास’ म्हणून सांगितलं होतं.

नोंदी साठवा, स्ट्रीक आणि पकड दर वेळी त्यावरून मोजा. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदीही चार हजारांच्या आत बसतात. फोनला ते मोजायला काहीच वेळ लागत नाही.

```sql
CREATE TABLE entry (
  habit_id   INTEGER NOT NULL,
  local_date TEXT NOT NULL,
  status     TEXT NOT NULL,
  logged_at  TEXT NOT NULL,
  tz         TEXT NOT NULL,
  PRIMARY KEY (habit_id, local_date)
);
```

`status` मध्ये `done`, `skip`, `freeze` आणि `pause` अशा चार शक्यता. `freeze` म्हणजे स्ट्रीक न मोडता माफ केलेला दिवस, `pause` म्हणजे सवय थांबवून ठेवलेला दिवस; दोन्ही पुढे येतात. `skip` म्हणजे माणसाने स्वतः ‘आज नाही केलं’ म्हणून सांगितलेलं. ओळच नसेल तर काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही. हा फरक जपा. ‘केलं नाही’ आणि ‘नोंदवायचं राहिलं’ यांना एकच लाल ठिपका देणं म्हणजे न बघता आरोप ठेवणं. सवय आणि तारीख मिळून एकच किल्ली असल्यामुळे बटण दोनदा दाबलं गेलं किंवा नेट नसलेल्या फोनवरून उशिरा नोंद आली, तरी दिवस दोनदा मोजला जात नाही.

‘दिवस’ नक्की कधी संपतो?

घड्याळात बारा वाजता, पण माणसाचा दिवस झोपल्यावर संपतो. रात्री साडेबाराला वाचन संपवून खूण करणाऱ्याला ती उद्याच्या खात्यात जमा झालेली दिसली तर चीड येणारच. दिवसाची हद्द पहाटे ३ किंवा ४ ला ठेवा. रात्रपाळीवाल्यांना ती स्वतः बदलता यायला हवी.

खूण केली त्या क्षणी फोनच्या वेळेनुसार आणि या हद्दीप्रमाणे जी तारीख चालू होती तीच `local_date` म्हणून लिहून ठेवा. यूटीसी वेळेवरून नंतर तारीख काढायला जाऊ नका, कारण माणूस टाइमझोन बदलला की त्याचा सगळा इतिहास सरकतो. सेकंदांना ८६,४०० ने भागून दिवस मोजणंही टाळा. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो.

तारीखरेषा ओलांडणाऱ्यांची वेगळीच गंमत. पॅसिफिकवरून पश्चिमेकडे गेलेल्या प्रवाशाच्या कॅलेंडरमधली एक तारीख विमानातच नाहीशी होऊ शकते. सामोआ देशाने तर तारीखरेषेची बाजूच बदलली, त्यामुळे तिथे ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही. दोन लागोपाठच्या नोंदींत `tz` वेगळा दिसला आणि मधली एकच तारीख रिकामी असली, तर ती गुपचूप माफ करून टाका. इथे काटेकोर राहून कुणाचंच भलं होत नाही.

माफीचे दिवस किती द्यावेत?

रोजच्या सवयीला महिन्याला दोन, न मागता. तिसरा चुकला तर स्ट्रीक मोडू द्या. अमर्याद माफी दिली की स्ट्रीकला अर्थच उरत नाही आणि लोकांनाच ती फुकटची वाटू लागते.

खरा प्रश्न तो दिवस वापरायचा कुणी, हा आहे. खाडा पडायच्या आधी स्वतः ‘फ्रीझ’ लावून ठेवायला सांगितलं, तर ज्याला तापात फोन उचलवत नाही तोच नेमका मार खातो. त्यामुळे ते आपोआप लागलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ॲप उघडल्यावर एकच ओळ: ‘काल एक माफीचा दिवस वापरला. या महिन्यात अजून एक आहे.’ स्ट्रीकमध्ये तो दिवस मोजला जात नाही आणि स्ट्रीक तोडतही नाही. पकडीत मात्र तो न केलेलाच धरा. वर दिलेलं फंक्शन तेच करतं: `freeze` आला की पकड थोडी उतरते. स्ट्रीक दयाळू, पकड प्रामाणिक.

माफीचे दिवस विकू नका. ‘मोडलेली स्ट्रीक पैसे देऊन जोडा’ हे बटण कमाई करून देतं, यात वाद नाही. पण ज्या क्षणी ते लावता त्या क्षणापासून लोकांना वाईट वाटण्यावर तुमचं उत्पन्न अवलंबून राहतं, आणि मग पुढचा प्रत्येक निर्णय त्याच दिशेला झुकतो.

आजारपण, बाळंतपण, परीक्षा? इतके दिवस माफीत बसत नाहीत.

त्यासाठी `pause`, म्हणजे सवय थांबवून ठेवणं. या काळात पकडही गोठते. ॲपल वॉचसारख्या प्रचंड खपाच्या उपकरणातही रोजच्या हालचालीच्या रिंग थांबवून ठेवण्याची सोय २०२४ च्या वॉचओएस ११ पर्यंत नव्हती. तोवर आजारी माणसाचीही साखळी तुटायची.

विरामाचं कारण विचारू नका. परतीची तारीख ऐच्छिक ठेवा. आणि विराम मागच्या तारखेपासूनही लावता आला पाहिजे, कारण दवाखान्यात दाखल होताना कुणी आधी ॲप उघडत नाही.

मागच्या तारखेची नोंद करू दिली तर लोक फसवणार नाहीत का?

कुणाला? नोंदवही त्यांचीच आहे. सात दिवस मागेपर्यंत नोंद करू द्या. त्याआधीचं माणसाला नीट आठवतही नाही. मागाहून `done` लिहिलं तर त्या दिवशी लागलेला माफीचा दिवस परत जमा करा. मित्रांमध्ये क्रमवारी लावणार असाल तर हा प्रश्न खरोखर अडचणीचा होतो, आणि क्रमवारी न लावण्याचं तेही एक कारण आहे.

बॅज कशासाठी द्यावेत?

आधी एक जुना प्रयोग. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळात आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं, काहींना नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात आधी कबूल केलेल्या गटातली मुलं सर्वांत कमी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नाही.

ॲपमध्ये याचा अर्थ साधा आहे: कुलूप लावलेल्या, राखाडी बॅजची भिंत नको. पन्नास रिकाम्या चौकटी म्हणजे पन्नास न केलेल्या गोष्टींची यादी. मिळालेले बॅज तेवढे दाखवा, पुढचे असू द्या अनपेक्षित.

निकष एकूण संख्येवर ठेवा. ‘सलग १०० दिवस’ हा बॅज ९७व्या दिवशी खाडा पडलेल्याला हातातोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखा लागतो. ‘एकूण १०० दिवस’ त्याला एकच दिवस उशिरा मिळतो. बॅज कधीही काढून घ्यायचा नाही, निकष बदलले तरी.

माझा सर्वांत आवडता बॅज खंडानंतर परत येण्याचा आहे. सात किंवा जास्त दिवसांच्या खंडानंतर तीन नोंदी झाल्या की द्यायचा. पहिल्याच नोंदीला दिला तर उपहास वाटतो. तसाच तो वारंवार देऊ नका, एका सवयीला एकदाच. पाचव्यांदा ‘परत आलात!’ म्हटलं की टोमणाच होतो तो.

आठवण कधी करून द्यावी?

माणसाने निवडलेल्या वेळी, एकदा. ‘तुमची स्ट्रीक धोक्यात आहे’ असा रात्री अकराचा निरोप पाठवू नका. तो चालतो, पण सावकाराच्या तगाद्यासारखा चालतो.

तांत्रिक खोड अशी की रोज वाजणारी एकच पुनरावृत्त सूचना लावली, तर काम सकाळीच झालं असलं तरी संध्याकाळी ती वाजते. त्यासाठी प्रत्येक दिवसाची सूचना वेगळी लावा आणि खूण होताच त्या दिवसाची रद्द करा. आयओएस एका ॲपच्या फक्त ६४ स्थानिक सूचना रांगेत ठेवतं, म्हणजे दहा सवयी असतील तर सहा दिवसांचाच साठा. ॲप उघडलं की साठा भरायचा. न उघडणाऱ्याच्या सूचना सहा दिवसांनी आपोआप बंद पडतात, आणि ते उत्तमच आहे. सहा दिवस दुर्लक्षिलेली आठवण सातव्या दिवशी कामाची नसते.

खाड्यानंतर ॲप उघडल्यावर काय दिसावं?

आजचं बटण. नेहमीच्या जागी, नेहमीच्या रंगात. तुटलेली साखळी, रडका चेहरा, कोमेजलेलं रोप यातलं काही नको. ‘काही हरकत नाही, असं होतं!’ हेसुद्धा नको, कारण ज्याच्या ते लक्षातही नव्हतं त्यालाही हरकत घेण्यासारखं काहीतरी झालंय असं कळतं. आमच्याकडे वाक्यांवर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी उरलं ते एवढंच: ‘आतापर्यंत ४२ दिवस. आज?’

दोन आठवड्यांहून मोठा खंड असेल तर एक जास्तीचा पर्याय द्या: सवय छोटी करायची का? दहा पानांऐवजी दोन. इतिहास तोच राहतो, फक्त आजपासूनचं माप बदलतं.

आपलं ॲप लोकांना टोचतंय हे कसं कळेल?

रोज किती जण ॲप उघडतात हा आकडा इथे फसवा आहे, कारण धास्तीनेही तो वाढतो. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, पहिल्या खाड्यानंतर सात दिवसांत किती जण परत नोंद करतात. ही टक्केवारी लांब स्ट्रीकवाल्यांत आणि छोट्या स्ट्रीकवाल्यांत वेगळी काढा. लांब स्ट्रीक मोडलेले कमी परतत असतील तर तुमचा आकडा सवयीपेक्षा जड झाला आहे. दुसरी, दिवसाची हद्द संपायच्या आधीच्या अर्ध्या तासात किती नोंदी येतात. तिथे उंच सुळका दिसला तर लोक आकडा वाचवायला धावताहेत. तिसरी, खाडा पडल्यावर सवय डिलीट करून त्याच नावाने पुन्हा सुरू करणारे. त्यांना डाग नसलेला कॅलेंडर हवा असतो, म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर डाग दिसतोय.

सिगारेट, दारू सोडण्यासाठीही हेच चालेल?

नाही, किमान जसंच्या तसं नाही. तिथे ‘न करणं’ हीच सवय असते, नोंद रोज आपोआप होते आणि घसरणीचा परिणाम शरीरावर होतो. माफीचा दिवस आपोआप लावणं तिथे धोक्याचं ठरू शकतं. एकूण दिवस कधीच पुसायचे नाहीत, एवढा एक नियम मात्र तिथेही तसाच ठेवा. बाकीचं त्या क्षेत्रात काम करणाऱ्या समुपदेशकाबरोबर बसून ठरवा, आणि ते जमणार नसेल तर सवयींच्या यादीत तो पर्याय देऊ नका.